रेड फ्लॅग यादी (कंपनी खरेदीपूर्व तपासणी)

एखादी कंपनी विकत घेण्यापूर्वी विक्रेता तिची कागदपत्रे डेटा रूम नावाच्या ऑनलाइन कपाटात ठेवतो. खरेदीदाराचे वकील आणि सनदी लेखापाल त्यातले करार, दावे आणि परवाने वाचतात. ज्या गोष्टींमुळे सौदा थांबू शकतो, किंमत बदलू शकते किंवा ताबा घेण्याआधी काहीतरी दुरुस्त करून घ्यावे लागते, तेवढ्यांचीच नोंद म्हणजे रेड फ्लॅग यादी. तिला कागदपत्रांचा गोषवारा समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक. दोनशे करारांचा सारांश हाती आला, तरी सौदा करावा की नाही हे त्यातून कळत नाही.

करारांत सर्वांत आधी शोधतात ते नियंत्रण बदलाचे कलम. कंपनीचे निम्म्याहून अधिक समभाग दुसऱ्याकडे गेले तर ग्राहकाची किंवा बँकेची लेखी संमती लागेल, असे त्यात असते. ते ‘समाप्ती’ या शीर्षकाखाली सापडेलच असे नाही. पुष्कळदा ‘हस्तांतरण’ या कलमाच्या व्याख्येत ते दडलेले असते. समभाग विकत घेतले तर कंपनी तीच राहते, म्हणून परवाने सहसा टिकतात, पण जुने दावे आणि दंडही तिच्याबरोबर येतात. केवळ कारखाना घेतला तर बरेचसे परवाने नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावे लागतात. म्हणून सौद्याचा प्रकार माहीत नसताना केलेली यादी अर्धीच राहते.

खरे धोके बहुतेक वेळा एका कागदात नसतात, दोन कागदांच्या मध्ये असतात. महाराष्ट्रातल्या एका रसायन कारखान्याचे कल्पित उदाहरण घेऊ. मोठ्या ग्राहकाला दरमहा किमान ६० टन माल देण्याचा करार आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात महिन्याला ४० टनांचीच परवानगी आहे. मंडळाच्या कारणे दाखवा नोटिशीला कंपनीने दिलेले उत्तर दाव्यांच्या फोल्डरमध्ये आहे आणि त्यात उत्पादन ३८ टन असल्याचे म्हटले आहे. तीन वकिलांनी तीन फोल्डर वेगवेगळे वाचले तर प्रत्येकाला आपला कागद निर्दोष वाटेल. एकत्र ठेवले की कळते, एकतर करार मोडला जातो आहे किंवा संमतीपत्राची अट, आणि दुसरे खरे असेल तर मंडळाला दिलेले उत्तर खोटे आहे. जल आणि वायू प्रदूषणविषयक कायद्यांनुसार मंडळ कारखाना बंद करण्याचा आदेश देऊ शकते.

अशी नोंद लिहिताना डेटा रूममधला अनुक्रमांक, कलम आणि मूळ शब्द द्यावेत. ‘जोखीम मोठी’ एवढे लिहून भागत नाही. या ग्राहकाकडून वर्षाच्या ४५ कोटींपैकी १८ कोटी येत असतील, तर ‘४० टक्के विक्री धोक्यात’ असे लिहावे. त्यापुढे उपाय: वाढीव क्षमतेची संमती मिळाल्याशिवाय ताबा न घेणे, मागील उल्लंघनाची भरपाई विक्रेत्याकडून लिहून घेणे, किंवा किंमत कमी करणे.

जे कपाटात नाही त्याचीही नोंद हवी, आणि माझ्या मते यादीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग. जपानच्या दाइची सांक्यो या औषध कंपनीने जून २००८ मध्ये रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीतील नियंत्रक हिस्सा प्रति समभाग ७३७ रुपयांनी घेण्याचा करार केला. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामकाने २००६ मध्येच रॅनबॅक्सीच्या पाओंटा साहिब कारखान्याला इशारापत्र दिले होते आणि २००७ मध्ये तिच्या न्यू जर्सीतल्या कार्यालयांची झडती झाली होती. दोन्ही गोष्टी उघड होत्या. अनेक देशांच्या नियामकांना चुकीची माहिती दिल्याचे सांगणारा २००४ चा अंतर्गत अहवाल मात्र खरेदीदारापासून लपवला गेला. सप्टेंबर २००८ मध्ये एफडीएने देवास आणि पाओंटा साहिब इथल्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली.

चौकशी चालू असल्याचे दिसते, पण कंपनीने स्वतः केलेल्या तपासाचा एकही कागद ठेवलेला नाही, ही पोकळीच एक खूण आहे. अशा वेळी लेखी प्रश्न विचारून उत्तरही लेखीच घ्यावे, आणि ते खरे असल्याची हमी खरेदी करारात बसवावी. दाव्यांबाबतही विक्रेत्याच्या यादीवर न थांबता न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोध घेतात, आणि कंपनी निबंधकाकडच्या नोंदीत कर्जाचे बोजे पाहतात.

दाइचीला सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये रॅनबॅक्सीच्या पूर्वीच्या प्रवर्तकांकडून सुमारे २,५६२ कोटी रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. प्रवर्तकांनी चौकशीचे स्वरूप आणि गांभीर्य दडवले, असा बहुमताचा निष्कर्ष होता. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अल्पवयीन प्रतिवादी वगळता बाकीच्यांविरुद्धची वसुली कायम ठेवली. सौद्यापासून तोवर जवळजवळ दहा वर्षे गेली होती.