एक लाखाची रेषा आणि एक मायक्रोलिटरचा लूप

युरिन कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून मोजण्याच्या तपासणीच्या रिपोर्टवर दर मिलीलिटरमागे जंतूंचा '१ लाखाहून अधिक' असा आकडा दिसला की औषध सुरू होतं आणि त्याखाली काही दिसलं की बहुतेक वेळा 'कंटॅमिनेशन असेल' म्हणून कागद बाजूला पडतो. ही १ लाखाची रेषा कुठून आली आणि ती कोणत्या रुग्णांसाठी आखली होती, हे बाजूला पडून आता फक्त आकडाच उरला आहे. त्या आकड्याच्या जोडीला एक साधं उपकरण आलं, ठरावीक मापाचा लूप, म्हणजे टोकाला छोटं कडं असलेली दांडी. रेषा आणि लूप यांची जोडी इतकी घट्ट जमली की पुढे रेषा खाली सरकली तेव्हाही लूप आणि रिपोर्टची भाषा जागच्या जागी राहिली.

१९५० च्या दशकापर्यंत लघवीत जंतू आहेत की नाहीत हे खात्रीनं पाहायचं तर कॅथेटर घालून नमुना घ्यायचा, अशी पद्धत होती. स्वतः केलेल्या लघवीत त्वचेवरचे आणि योनीमार्गातले जंतू मिसळतात, त्यामुळे तो नमुना निकामी समजला जाई. अडचण अशी की कॅथेटर स्वतःच जंतू मूत्राशयात नेऊन सोडतो. १९५८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात कॅथेटरच्या या सवयीविरुद्ध सरळ बाजू मांडली गेली. ती मांडता आली, कारण तोवर दुसरा मार्ग दिसू लागला होता.

१९५६ आणि १९५७ मध्ये बोस्टनमधल्या एका डॉक्टरांनी जंतू आहेत की नाहीत, याऐवजी किती आहेत, असा प्रश्न विचारला. लघवी पायरीपायरीने सौम्य करायची, म्हणजे १ मिली लघवी ९ मिली सलाईनमध्ये, त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीमध्ये, असं करत जायचं. प्रत्येक पायरीवरचा ठरावीक भाग वितळलेल्या अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमात, मिसळून प्लेट ओतायची आणि दुसऱ्या दिवशी कॉलनी, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, मोजायच्या. ओपीडीत आलेल्या, लघवीची काहीही तक्रार नसलेल्या बायकांचे आकडे मांडले तेव्हा ते दोन गटांत पडले. बहुतेकींच्या लघवीत जंतू अगदी कमी किंवा मुळीच नव्हते, तर साधारण ६ टक्के जणींचे आकडे १ लाखाच्या वर गेले. मूत्रपिंडाचा तीव्र संसर्ग असलेल्या रुग्णांत ९५ टक्के जणी १ लाखाच्या वर होत्या. मधल्या पट्ट्यात माणसं कमी होती, म्हणून रेषा तिथे पडली.

ही रेषा ज्यांच्यावर आखली ते दोनच गट होते, एकही तक्रार नसलेल्या बायका आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचलेले रुग्ण. जळजळ होते, दर अर्ध्या तासाला जावं लागतं, पण ताप नाही, अशी जी बाई आपल्याकडे रोज दवाखान्यात येते, ती त्या आकड्यांत नव्हतीच. शिवाय मूळ लेखनात एकाच नमुन्यावर विसंबून राहायला सांगितलेलं नव्हतं. एका नमुन्यात १ लाखाच्या वर आकडा आला तर तो खरा असण्याची शक्यता सुमारे ८० टक्के आणि लागोपाठ दोन नमुन्यांत तोच जंतू तितकाच आला तर ९५ टक्के, असा हिशेब होता. दुसरा नमुना मागवण्याची अट रोजच्या कामात सगळ्यात आधी गळली. नियमाचा हा अर्धा भाग गळाल्याने रेषेचं बळच कमी झालं, असं मला वाटतं.

आता लूप. प्रत्येक नमुन्याला सौम्य करण्याच्या पायऱ्या आणि तीन-चार प्लेट, हे रोज पन्नास-शंभर नमुने येणाऱ्या प्रयोगशाळेला झेपणारं नव्हतं. १९६० च्या सुमारास ठरावीक मापाचा लूप वापरून तोच आकडा एका प्लेटवर काढण्याची पद्धत आली. लूपच्या कड्यात एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलीचा हजारावा भाग, लघवी धरली जाते. ती प्लेटच्या मधोमध एका सरळ रेषेत टाकायची, मग त्याच लूपने त्या रेषेला आडवे छेद देत साऱ्या प्लेटवर पसरायची. रात्रभर ३५ ते ३७ अंशांत ठेवून सकाळी कॉलनी मोजायच्या आणि १,००० ने गुणायचं. १० मायक्रोलिटरच्या लूपला १०० ने. १ मायक्रोलिटरच्या लूपवर १ लाख म्हणजे बरोबर १०० कॉलनी. शंभर कॉलनी डोळ्यांनी मोजता येतात, एकमेकींत मिसळत नाहीत आणि प्लेटवर नजर टाकताच 'भरली' की 'विरळ' हे कळतं. रेषा आणि लूप एकमेकांना इतके जुळले ते या शंभरामुळे.

पण या गुणाकाराला मर्यादा आहेत. खऱ्या लघवीत नेमके १ लाख असतील तर लूपमध्ये दर वेळी शंभरच जंतू येतील असं नाही, निव्वळ योगायोगानेच कधी ८० तर कधी १२० कॉलनी उगवतील. म्हणजे ९० हजार आणि १ लाख १० हजार यांत फरक करणं या पद्धतीला शक्य नाही. त्यात हाताच्या सवयी मिसळतात. लूप उभा धरून पृष्ठभागाच्या जेमतेम खाली बुडवायचा आणि सरळ वर काढायचा असतो. तिरका धरला, खोल बुडवला किंवा अरुंद नळीत घातला, तर दांडीवर जास्तीची लघवी चढते आणि तीही प्लेटवर उतरते. तारेचा लूप पुन्हापुन्हा तापवून वाकडा होतो, त्याचं माप बदलतं. म्हणूनच तो अधूनमधून तपासावा लागतो. ठरावीक मापाच्या ड्रिल बिटवर कडं बसवून पाहतात किंवा इव्हान्स ब्लू हा रंग लूपने पाण्यात सोडून रंगाच्या गडदपणावरून माप काढतात. प्लास्टिकचे वापरून टाकायचे लूप आल्यावर ही तपासणी बऱ्याच ठिकाणी विस्मरणात गेली.

यातला सगळ्यात मोठा प्रश्न खालच्या टोकाला आहे. समजा, चोवीस वर्षांची बाई दोन दिवसांच्या जळजळीची तक्रार घेऊन आली. दर तासाला लघवीला जाते, भरपूर पाणी पिते. तिच्या लघवीत दर मिलीला ई. कोलाय हे आतड्यातले जंतू खरोखर १,००० आहेत. १ मायक्रोलिटरच्या लूपमध्ये सरासरी एकच जंतू येणार आणि दर तीन वेळांतून साधारण एकदा, नेमकं सांगायचं तर ३७ टक्के वेळा, एकही येणार नाही. त्या दिवशी रिपोर्टवर 'नो ग्रोथ' लिहिलं जाईल. उगवली तर एक-दोन कॉलनी दिसतील आणि त्यांना 'सिग्निफिकंट नाही' असं लिहिलं जाईल. याच नमुन्यावर १० मायक्रोलिटरचा लूप वापरला तर दहाच्या आसपास कॉलनी येतील, सगळ्या एकसारख्या, मॅकॉन्की या माध्यमाच्या प्लेटवर गुलाबी. ते चित्र कुणी कंटॅमिनेशन म्हणून बाजूला टाकणार नाही. जंतू तेवढेच, रुग्ण तीच, फक्त लूप बदलला.

ही बाई पुस्तकातली नाही, हे १९८२ मध्ये दाखवून दिलं गेलं. अमेरिकेत तीव्र जळजळ असलेल्या बायकांचा मिडस्ट्रीम, म्हणजे लघवीच्या मधल्या धारेचा नमुना आणि थेट मूत्राशयातून, सुईने किंवा कॅथेटरने काढलेला नमुना शेजारी ठेवून पाहिले. मूत्राशयात आतड्यातले कोलिफॉर्म जंतू खरोखर असलेल्या बायकांपैकी १ लाखाच्या निकषात फक्त ५१ टक्के सापडल्या. निम्म्या सुटल्या. निकष १०० वर आणला तर ९५ टक्के सापडत होत्या आणि मूत्राशयात हे जंतू नसलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के उगाच पॉझिटिव्ह ठरत होत्या. १ लाखाच्या निकषात निम्म्या सुटण्याचं कारण समजण्यासारखं आहे. वारंवार लघवी होणाऱ्या मूत्राशयात जंतूंना वाढायला रात्रभराचा वेळ मिळत नाही आणि पाणी पिण्याने जे असतात तेही पातळ होतात.

इथे खरा पेच आला. रेषा १०० वर आणायची तर लूपला ती दिसत नाही. १ मायक्रोलिटरच्या लूपला १०० जंतू दहापैकी नऊ वेळा शून्य दिसतात. १० मायक्रोलिटरचा घेतला तरी सरासरी एक कॉलनी, म्हणजे पुन्हा ३७ टक्के वेळा काहीच नाही. १०० पर्यंत भरवशाने मोजायचं तर ०.१ मिली लघवी पसरावी लागते आणि रोजच्या कामात ती फार कमी ठिकाणी पसरली जाते. परिणामी १,००० ही एक तडजोडीची पायरी रुळली. ती विज्ञानाने दाखवलेली पायरी नव्हती, लूपला जेमतेम दिसणारी होती.

१ लाखाची रेषा खाली आणू नका म्हणणारी माणसंही चुकीची नव्हती. मार्च-एप्रिलात विदर्भात दुपारी घेतलेला नमुना तीन-चार तास बाहेर राहिला, तर खोलीचं तापमानच शरीराच्या तापमानाजवळ असतं. एकदा वाढ सुरू झाली की ई. कोलाय सुमारे अर्ध्या तासात दुप्पट होतो आणि १,००० चे १ लाखाच्या वर जायला सातच दुपटी लागतात. म्हणून खोलीत ठेवलेला नमुना दोन तासांत लावायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा किंवा जंतूंची वाढ थोपवणाऱ्या बोरिक ॲसिडच्या नळीत घ्यायचा, हा नियम आहे. कलेक्शन सेंटरहून जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या डब्यांत तो पाळला जात नसेल, तर खालची रेषा स्वीकारणं म्हणजे त्वचेवरच्या जंतूंना औषध देणं. उंच रेषेने या निष्काळजीपणाला बरंच झाकून घेतलं होतं.

२०१३ मध्ये रजोनिवृत्तीपूर्व बायकांवर पुन्हा तसाच अभ्यास झाला आणि त्याने जंतूंची नावं वेगळी काढली. मिडस्ट्रीममध्ये ई. कोलाय अगदी थोडे आले तरी ते मूत्राशयातलेच असण्याची शक्यता मोठी होती. पण एन्टेरोकोकस आणि ब गटाचे स्ट्रेप्टोकोकस मिडस्ट्रीममध्ये दिसले, तरी मूत्राशयात ते क्वचितच सापडत. त्यामुळे सगळ्या जंतूंना एकच आकडा लावणं तेव्हापासून अधिकच अवघड झालं.

याउलट २०१५ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्गांच्या मोजणीत कॅथेटरशी संबंधित संसर्गासाठी किमान आकडा पुन्हा १ लाख ठरला. आधी लघवीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी वगैरे असतील तर कमी आकडाही धरला जाई. कॅथेटर असलेल्या रुग्णात थोडे जंतूही तीन दिवसांत १ लाखाच्या वर जातात, हे १९८४ पासून माहीत होतं. मोजणी सुटसुटीत व्हावी म्हणून रेषा वर नेली. तिला रुग्णावरच्या उपचाराचा निकष समजू नका, असं तिथेही सांगितलं जातं, पण आकडा एकदा छापला की तो वॉर्डात पोचतोच.

आपल्याकडच्या रिपोर्टवर लूपचं माप क्वचितच छापलेलं असतं. ते छापलं तर १ मायक्रोलिटरच्या प्लेटवर काही न उगवल्यावर 'स्टराईल' लिहिता येणार नाही, 'दर मिलीला १,००० पेक्षा कमी' असंच लिहावं लागेल. तक्रार असलेल्या बाईच्या नमुन्यावर, कागदावर जळजळीचा उल्लेख आला असेल तर, १० मायक्रोलिटरचा लूप आधीच उचलता येतो. अर्थात त्यासाठी डॉक्टरांनी फॉर्मवर 'युरिन सी/एस' एवढंच न लिहिता तक्रार, कॅथेटर आहे की नाही आणि नमुना किती वाजता घेतला, हे लिहावं लागतं.