दर वाढला की काम वाढलं? क्लायंटला पाठवायचे दोन वेगळे मेल

अकाउंट लिहिणं, जीएसटी रिटर्न भरणं, पगारपत्रक करणं असलं महिन्याच्या ठरलेल्या फीवर चालणारं काम जे करतात, त्यांना कधी ना कधी जुन्या क्लायंटला फी वाढल्याचा मेल टाकावाच लागतो, आणि बहुतेक जण तिथे एकच साचा वापरतात: वाढती महागाई, स्टाफचे पगार, आपले जुने संबंध, सहकार्याची अपेक्षा, धन्यवाद. पण फी वाढते ती दोन अगदी वेगळ्या कारणांनी. एक म्हणजे काम तेवढंच आहे, आपला दर वाढला. दुसरं म्हणजे दर तोच आहे, त्याचं काम वाढलं. बिलावर दोन्हीकडे आकडा मोठाच दिसतो म्हणून गफलत होते, पण या दोन्हीचे मेल वेगळे लिहायचे असतात, आणि चुकीच्या कारणाचा मेल गेला की दहा वर्षांचा क्लायंटही एकदम परक्यासारखा बोलायला लागतो.

रिक्षाचंच बघा ना. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं, तेव्हा लोक कुरकुरले पण त्यासाठी रिक्षावाल्याशी कोण भांडलं नाही, दर सगळ्यांनाच वाढला होता आणि तारीख ठरलेली होती. तेच मीटरवर नेहमीपेक्षा २० रुपये जास्त पडले की आपण लगेच विचारतो, कुठून फिरवून आणलंस बाबा? म्हणजे दर वाढला तर माणूस तारीख बघतो आणि अंतर वाढलं तर हिशोब मागतो. क्लायंटचंही तसंच आहे.

आपलं प्रकरण नक्की कुठलं, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो. या क्लायंटचं काम उद्या पहिल्या महिन्याइतकं कमी झालं, तरी मला वाढीव फी हवी आहे का? हवी असेल तर दरवाढ. नको असेल तर कामवाढ. आणि उत्तर "थोडी हवी, सगळी नको" असं आलं तर दोन्ही एकत्र झालंय, जे खरं तर सगळ्यात जास्त वेळा होतं.

आता एक केस घेऊ, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ठरवून घेतलेत. सांगलीतलं रंग आणि हार्डवेअरचं दुकान, २०२२ च्या एप्रिलपासून आपल्याकडे. ठरलं होतं महिना ३,५०० रुपये, त्यात १०० एंट्रीपर्यंत अकाउंट, जीएसटीआर-१ आणि ३बी. तेव्हा एंट्री ८०-९० असायच्या. आता गेल्या सहा महिन्यांची सरासरी २३० आहे, त्यातल्या १७० विक्रीच्या आणि ६० खरेदी-खर्चाच्या. मध्ये स्टाफचा पगार वाढला, सॉफ्टवेअरचं रिन्यूअल वाढलं, त्यामुळे आपल्याला मूळ फी ३,९०० करायची आहे आणि वरच्या १३० एंट्रींना १२ रुपयांप्रमाणे १,५६० घ्यायचे आहेत. एकूण ५,४६०.

हेच जर एका ओळीत लिहिलं, की "वाढत्या खर्चामुळे १ एप्रिलपासून आपली फी ३,५०० ऐवजी ५,४६० राहील", तर दुकानदार काय करणार? मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडणार, ५६ टक्के बघणार आणि फोन करणार, साहेब महागाई ५६ टक्के वाढली का हो? यावर आपल्याकडे उत्तर नसतं. म्हणजे उत्तर असतं, की तुमचं कामच दुपटीच्या वर गेलंय, पण ते आता फोनवर सांगायला गेलं की सारवासारव वाटते, आणि विश्वास जातो तो इथे. पैशासाठी माणूस एवढा दुखावत नाही, "खरं कारण आधी का नाही सांगितलं" यावरून दुखावतो.

म्हणून दोन मेल. आधी कामवाढीचा, कारण त्यात क्लायंटच्या हातात काहीतरी असतं.

कामवाढीच्या मेलचा जीव मोजणीत आहे. टॅलीत स्टॅटिस्टिक्स नावाचा रिपोर्ट असतो, त्यात कुठल्या प्रकारची किती व्हाउचर झाली ते तारखा टाकून मिळतं, तो सहा महिन्यांचा काढायचा आणि सोबत जोडायचा. एकाच महिन्याचा दाखवू नका, विशेषतः दिवाळीचा तर नाहीच, रंगाच्या दुकानाला दिवाळीआधी गर्दी असणारच, तो लगेच म्हणेल की हा महिना सोडून बोला. आणि आपण स्वतः केलेल्या दुरुस्तीच्या जर्नल एंट्री त्या मोजणीतून वजा करा, आपली चूक सुधारायचे पैसे त्याच्याकडून कसे घेणार? उलट बँक जुळवणी, क्यूआर कोडवर आलेल्या पैशांची सेटलमेंट तपासणी, ही कामं या रिपोर्टात कुठेच दिसत नाहीत, त्यांचे वेगळे पैसे हवे असतील तर ती मेलमध्ये नावानिशी लिहावी लागतात. मेल साधारण असा:

"नमस्कार दादा, २०२२ मध्ये आपलं ३,५०० ठरलं तेव्हा महिन्याला १०० एंट्रीपर्यंतचं काम धरलं होतं. गेल्या सहा महिन्यांत सरासरी २३० येतायत, मोजणी सोबत जोडली आहे. आतापर्यंतच्या जादा एंट्रींचं काहीच लावलेलं नाही, लावणारही नाही. १ जानेवारीपासून १०० च्या वरच्या एंट्रीला १२ रुपये धरावे लागतील, म्हणजे सध्याच्या हिशोबाने महिन्याला १,५६० जास्त. हे टाळायचं असेल तर एक मार्ग आहे: काउंटरवरच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून विक्रीची एक्सेल दर महिन्याच्या ३ तारखेपर्यंत पाठवलीत तर ती आम्ही थेट घेऊ, त्या १७० एंट्री मोजणार नाही आणि फी आहे तेवढीच राहील. कसं सोयीचं ते कळवा, पहिल्या वेळी एक्सेल कशी काढायची ते मी दुकानात येऊन दाखवतो."

बघा, यात महागाईचं नाव नाही, पेट्रोल नाही, स्टाफ नाही. ते घुसडलं की मोजणीचा मुद्दा पातळ होतो. आणि तो एक्सेलचा मार्ग दाखवायला नव्हे, खरोखर चालणारा हवा, कारण बरेच क्लायंट तोच घेतात. घेतला तर तुम्हाला १,५६० मिळणार नाहीत पण टाइप करायचं कामही गेलं, हिशोब तोच आहे. फक्त एक्सेलमध्ये जीएसटी नंबर, बिल नंबर, कराचा दर हे रकाने नीट हवेत, नाहीतर टायपिंगचा वेळ वाचून दुरुस्तीत जातो, त्यामुळे पहिली फाइल तपासून मगच हो म्हणा.

दरवाढीचा मेल याच्या उलट. इथे मोजणी नाही, पुरावा नाही, पर्यायांची यादी नाही. नवा आकडा, तारीख, एका वाक्यात कारण, काय बदलणार नाही ते, संपलं.

"नमस्कार दादा, १ एप्रिलपासून आमची मासिक फी ३,५०० ऐवजी ३,९०० राहील, जीएसटी वेगळा. २०२२ नंतर हा पहिलाच बदल आहे, स्टाफ आणि सॉफ्टवेअरचा खर्च वाढल्यामुळे सगळ्याच क्लायंटसाठी करतोय. मार्चपर्यंतचं काम आणि मार्चचं रिटर्न एप्रिलमध्ये भरलं तरी ते जुन्याच फीमध्ये. तुमचं काम बघणारी माणसं तीच राहतील. काही बोलायचं असेल तर फोन करा."

यात "सगळ्याच क्लायंटसाठी" हे लिहायचं असेल तर ते खरं असलं पाहिजे, रंगवाला आणि शेजारचा प्लायवुडवाला संध्याकाळी एकत्र चहा पितात, दोघांना वेगळं सांगितलं तर आठवड्यात कळतं. मार्चच्या रिटर्नचं वाक्य मात्र बारीक असून मोठं काम करतं, कारण काम मार्चचं आणि भरायचं एप्रिलमध्ये, हा घोळ पहिल्याच बिलाला होतो. आणि जीएसटी वेगळा हे स्पष्ट हवंच. ३,९०० वर १८ टक्के म्हणजे ७०२, बिल ४,६०२ चं. नेहमीच्या नोंदणीतल्या दुकानदाराला तो कर क्रेडिटमध्ये मिळतो, त्याला वाढ ४०० चीच पडते. कंपोझिशनवाल्याला क्रेडिट मिळत नाही, त्याच्या खिशातून ४७२ जास्त जातात, त्यामुळे त्याच्या मेलमध्ये करासकट आकडा लिहिलेला बरा.

माफी मागू नका, "नाइलाजाने", "क्षमस्व" हे शब्द आले की समोरच्याला वाटतं याचं अजून नक्की नाही, ओढून बघू. आणि कारण चार ओळींचं केलंत तर प्रत्येक ओळीवर चर्चा होते.

घासाघीस दोन्हीकडे होणार, तो तर आपल्याकडे रिवाजच आहे, फक्त कशावर बोलायचं ते वेगळं. कामवाढीत मोजणीवर बोला, १२ रुपयांवर नको. त्याने दाखवलं की वीस एंट्री डबल झाल्यात, तर काढून टाका, खुशीने. दरवाढीत तारखेवर बोला, आकड्यावर नको. "लगीनसराई होऊ दे, जूनपासून घ्या" म्हणाला तर दोन महिने सोडले तर ८०० रुपये गेले, पण ३,९०० हा आकडा टिकला. ३,७०० वर आलात तर पुढच्या वेळी तो आकडा खोटाच धरणार.

उत्तरावरूनही कळतं मेल नीट पोचला का. दरवाढीच्या मेलवर तो "मग थोडं काम कमी करूया" म्हणाला, किंवा कामवाढीच्या मेलवर "पाच-दहा टक्के वाढवा की" म्हणाला, तर त्याने एकाचं दुसरं धरलंय. तिथे मेलवर मेल न करता फोन उचला. खरं तर जुन्या क्लायंटला आधी फोन, मग त्याच दिवशी मेल हेच बरं, मेल हा बोलल्याची नोंद म्हणून. ११ ते २० तारखेच्या मध्ये मात्र हे काहीच नको, तुमचीही रिटर्नची धावपळ आणि त्याच्याही डोक्यावर कराचा भरणा. मार्चअखेर तर विसराच, दरवाढीचा मेल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जाऊ दे.

दोन्ही मेलमध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवलं तर पहिल्याची धूळ बसते. अंतर ठेवणं शक्यच नसेल तर एकाच मेलमध्ये दोन वेगळे परिच्छेद आणि दोन वेगळे आकडे, बेरीज शेवटी. नंतरच्या प्रत्येक बिलावरही तसंच: एक ओळ मूळ फीची ३,९००, दुसरी ओळ जादा एंट्रींची, संख्या गुणिले १२. एखाद्या महिन्यात ती संख्या शून्य आली तरी दुसरी ओळ शून्य टाकून तशीच ठेवा.