नवजात बाळाची घरभेट नोंदवही

गरोदर स्त्री आणि तान्ह्या बाळाच्या घरी जाऊन केलेल्या तपासणीची आशा स्वयंसेविकेने ठेवलेली क्रमवार नोंद म्हणजे घरभेट नोंदवही. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी होतात. बाळंतपण घरी झाले तर पहिल्या दिवसाची भेट वाढते. देशभर ही पद्धत २०११ पासून आहे, पण तिची मुळे विदर्भातच आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या स्त्रिया जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच इंजेक्शन देत. आजच्या आशाताईचे मुख्य काम मात्र धोका ओळखून बाळाला वेळेत दवाखान्यात पोचवणे हे आहे.

गरोदरपणाच्या पानावर शेवटच्या पाळीची तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण तीत नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपणाचा अंदाज निघतो. पुष्कळ बाया तारीख सांगत नाहीत, ‘तान्ह्या पोळ्याच्या आधी’ असे सांगतात. मग कॅलेंडर उघडून त्यावरून तारीख काढावी लागते. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि या भागात आवर्जून सिकलसेल तपासणीचा निकाल याच पानावर येतो.

बाळाच्या पानाचा खरा उपयोग रकाने शेजारी ठेवून वाचण्यात आहे. जंतुसंसर्गाच्या खुणा साध्या आहेत: हातपाय ढिले पडणे, दूध कमी ओढणे किंवा बंद करणे, रडणे क्षीण होणे, पोट फुगणे किंवा वारंवार उलटी, अंग गार लागणे किंवा ताप ९९ अंश फॅरेनहाइटच्या वर जाणे, छाती आत ओढली जाणे, बेंबीतून पू येणे. यातल्या पहिल्या तीन खुणांना ‘आधी चांगले होते, आता नाही’ ही अट आहे. जन्मापासून हळू रडणारे बाळ आणि काल जोरात रडून आज कण्हणारे बाळ यांत फार फरक आहे, आणि तो मागच्या भेटीच्या नोंदीशिवाय कळत नाही.

एक नमुना घेऊ. ग्रामीण रुग्णालयात जन्मलेले बाळ २४०० ग्रॅमचे, म्हणजे कमी वजनाचे. तिसऱ्या दिवशी वजन २३०० ग्रॅम, श्वास मिनिटाला ४६, रडणे जोरात, दूध व्यवस्थित. सातव्या दिवशी वजन २२५० ग्रॅम. घट सहा टक्क्यांच्या आसपास आहे. पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत घट चालते, म्हणून फक्त वजन पाहणारी व्यक्ती निर्धास्त परत जाईल. पण आई म्हणते, “ताई, लेकरू कालपासून नीट पेत नाई, नुसतं झोपून रायते.” रडणे क्षीण झाले आहे, श्वास ६४ भरतो, पुन्हा मोजला तर ६२. श्वास ६० किंवा अधिक आला की दुसऱ्यांदा मोजायचा असतो, तोही बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नसल्याने अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणे धोक्याचे ठरते. येथे दोन खुणा नव्याने आणि एकदम दिसल्या आहेत, शिवाय श्वास वाढला आहे. थांबायचे नाही. आरोग्यसेविकेला फोन, १०२ ची गाडी, बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वर पांघरूण, आणि ओढत असेल तर वाटेत अंगावरचे दूध. नोंदवहीत पाठवल्याची वेळ आणि ठिकाण लिहायचे.

विदर्भात ही साखळी माहेरी तुटते. नाव सासरच्या आशाताईच्या वहीत असते आणि बाळंतीण दुसऱ्या तालुक्यात माहेरी. सासरच्या पानावर ‘माहेरी गेली’ एवढाच शेरा पडला, तर तिसऱ्या दिवशी त्या घरी कोणीच जात नाही. शेऱ्यासोबत माहेरचे गाव, संपर्काचा फोन आणि तिथल्या आशाताईला कळवल्याची तारीख असेल तरच नोंद पुरी झाली असे मानावे. माता-बाल संरक्षण कार्ड बाळंतिणीसोबत गेले पाहिजे, कारण जन्मवजन त्यावरच असते.

मानधनासाठी अर्ज भरायचा असल्याने कधी सगळे रकाने एका बैठकीत भरले जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत घर बंद मिळते, भेट हुकते आणि रकाना मागाहून भरला जातो. असे पान ओळखू येते: प्रत्येक भेटीत श्वास ४०, वजने २५००, ३०००, ३५०० अशी गोल, शाई एकच. सगळ्याच बाळांची वजने सारख्याच फरकाने चुकत असतील, तर मात्र आधी काटा पाहावा. रिकामी झोळी टांगून तो शून्यावर आणला नसेल, तर झोळीचे वजन बाळाच्या नावावर चढते आणि कमी वजनाचे बाळ ठीक दिसू लागते. गटप्रवर्तकाने एखाद्या घरी स्वतः जाऊन त्याच दिवशी बाळ पुन्हा तोलले, तर या दोन्ही गोष्टी लगेच समजतात.