मोरचुदाचा निळा रंग आणि तांब्याचे लांबलेले बंध

बोर्डो मिश्रणासाठी आणलेला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्यात टाकला की आकाशी निळा द्रव तयार होतो. हा रंग तांब्याच्या Cu²⁺ आयनाचा. या आयनाला भोवतीचे सहा अणू बंधांनी जोडलेले, म्हणजे सहा शेजारी असतात: चार एका प्रतलात, एक वर, एक खाली. सगळे समान अंतरावर असतील असं आपण सहज धरून चालतो, पण तांब्याच्या बाबतीत तसं होत नाही.

याचं कारण त्याच्या नऊ d इलेक्ट्रॉनांत आहे. हे इलेक्ट्रॉन ज्या पाच जागांत राहतात त्या d ऑर्बिटलांचे शेजाऱ्यांमुळे दोन गट पडतात: खालचा कमी ऊर्जेचा, वरचा जास्त ऊर्जेचा. खालच्या तिघांत सहा इलेक्ट्रॉन पूर्ण भरतात आणि उरलेले तीन वरच्या दोघांत जातात. या दोघांची ऊर्जा सारखीच. एक वर-खाली रोखलेलं, दुसरं प्रतलातल्या चौघांकडे. एका ऑर्बिटलात दोनच इलेक्ट्रॉन मावतात, मग जोडी कुठे बसणार आणि उरलेला एकटा कुठे? वर-खालचे दोन शेजारी थोडे दूर सरकले, तर त्यांच्याकडे रोखलेलं ऑर्बिटल खाली उतरतं आणि दुसरं तेवढंच वर चढतं. दोन इलेक्ट्रॉन उतरतात, एक चढतो. म्हणजे एकाचा फायदा निव्वळ उरतो. म्हणून रेणू समान अंतरं टिकवत नाही. हरमन जान आणि एडवर्ड टेलर यांनी १९३७ साली हे प्रमेय मांडलं. मात्र बंध लांबणार की आखूड होणार, आणि किती, हे प्रमेय सांगत नाही.

मोरचुदाच्या खड्यात चार शेजारी पाण्याचे आणि वर-खाली सल्फेटचे ऑक्सिजन असतात. शेजारीच वेगळे, मग अंतर वेगळं असणारच, अशी शंका रास्त आहे. म्हणून मला अमोनियम कॉपर सल्फेटचा खडा जास्त पटतो. त्यात सहाही शेजारी पाणीच, तरी बंध साधारण १.९७, २.०७ आणि २.२३ अँगस्ट्रॉम असे जोडीजोडीने वेगळे येतात. त्याच घडणीच्या निकेलच्या खड्यात मात्र ते जवळपास सारखे असतात.

वर्णपटात हे कसं दिसतं? सहा बंध समान असते, तर प्रकाश गिळून इलेक्ट्रॉनाला खालच्या गटातून वरच्या गटात एकच उडी शक्य होती. दोन्ही गट फुटल्यामुळे अर्धरिकाम्या ऑर्बिटलात पोचायच्या उड्या तीन होतात, आणि त्यांच्या ऊर्जा जवळजवळ असतात. पाण्यातल्या द्रावणात त्या वेगळ्या दिसत नाहीत. सुमारे ८०० नॅनोमीटरला माथा असलेला एकच रुंद, एका बाजूला लांबलेला पट्टा येतो. त्याची कड तांबड्या प्रकाशात शिरते, तांबडा गिळला जातो आणि निळा उरतो. पण नुसत्या रुंदीवरून निष्कर्ष काढू नये, कारण रेणूची कंपनंही पट्टा पसरवतात. त्यासाठी एकसंध स्फटिकावर ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश टाकतात. त्याची दिशा बदलली की वेगवेगळ्या उड्यांचं बळ बदलतं आणि आतले पट्टे सुटे करता येतात.

द्रावणात भरपूर अमोनिया घातला की तो प्रतलातल्या चार जागा घेतो आणि पाण्यापेक्षा घट्ट बसतो. वरचं ऑर्बिटल आणखी चढतं, माथा सुमारे ६०० नॅनोमीटरला सरकतो आणि द्रव गडद जांभळट निळा होतो. उलट मोरचूद तापवून पाणी उडवलं की उरतात फक्त सल्फेटचे ऑक्सिजन. त्यांची पकड ढिली असल्याने पट्टा अवरक्तात सरकतो आणि हातात पांढरी भुकटी राहते.