इंजिन बदललं म्हणजे डबे उलटे होतात का? मनमाडचा घोळ

आपल्याकडे परभणी-जालन्याचे लोक मनमाडला इंजिन सुटलेलं दिसलं की सरळ म्हणतात, गाडी उलटी झाली. पण इंजिन बदलणं वेगळं अन् गाडी उलटी होणं वेगळं.

आपली परभणी-जालना-संभाजीनगर-मनमाड लाईन डिझेलची होती तेव्हा मुंबईकडच्या गाड्यांना मनमाडला डिझेल काढून इलेक्ट्रिक इंजिन लावायचे. नवं इंजिन त्याच टोकाला लागायचं, गाडी त्याच दिशेला निघायची, त्यामुळे इंजिनपासून चौथा डबा नाशिकलाही चौथाच.

नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसचं तसं नाही. आपली लाईन मनमाडात भुसावळच्याच बाजूने शिरते, म्हणून देवगिरी, तपोवन मुंबईकडे सरळ निघून जातात, पण सचखंडला भुसावळकडे जायचं तर आली त्याच तोंडाने परत बाहेर पडावं लागतं. मग इंजिन मागच्या टोकाला लागतं, गार्ड दुसऱ्या टोकाला जातो, शेवटच्या डब्यावरची एलव्हीची पाटीही तिकडे जाते. डबे मात्र आहेत तिथेच असतात, एकही हलत नाही. मनमाडच्या प्लॅटफॉर्मवर वडा घ्यायला उतरलात तर डबा जिथं सोडला तिथंच सापडेल (गाडी सुटली नसली तर!).

फरक कळतो तो पुढच्या स्टेशनला. समजा गाडी 22 डब्यांची आहे अन् आपला एस-1 संभाजीनगरला इंजिनपासून चौथा होता. मनमाडनंतर तो मागून चौथा, म्हणजे इंजिनकडून 22 वजा 4 अधिक 1, एकोणिसावा. पंधरा डब्यांचा फरक, एक डबा साधारण 24 मीटरचा धरला तर 360 मीटर, अन् गाडी दोन-पाच मिनिटंच थांबणार.

आमची मावशी भुसावळहून आमच्यात बसणार होती. मी परभणीतून फोनवर ऐटीत सांगितलं, "मावशी, इंजिनपासून चौथा डबा, पुढेच उभी राहा." ती बिचारी दोन पिशव्या घेऊन पुढे उभी, आमचा डबा पार मागे. हातात पिशव्या घेऊन पळाली, भलत्याच डब्यात चढली अन् आतून चालत चालत आमच्यापर्यंत आली, तोवर अर्धा तास झाला होता, वर मलाच विचारते, "काय रे, डबा मागं कधी नेला?"

म्हणून कोच पोझिशन गाडी जिथून सुटते तिथली बघू नका, जिथून बसणार तिथली बघा. अन् मधल्या तीन-चार डब्यांवाल्यांनी जास्त टेन्शन घेऊ नका, 22 मधला अकरावा उलटून बाराव्यावर जातो, पळापळ होते ती टोकाच्या डब्यांची.

परत येताना पण हेच. भुसावळला इंजिनपासून चौथा दिसलेला डबा मनमाडनंतर जालन्याला एकोणिसावा होऊन येतो, अन् खिडकीत तोंड पुढे करून बसलेला माणूस मनमाडनंतर उलटा प्रवास करतो.