क्रियापदाचा तक्ता पाठ होतो, पण बोलताना रूप का सुचत नाही?

स्पॅनिशच्या सुरुवातीच्या धड्यांत ‘असणे, जवळ असणे’ या अर्थाचं ‘तेनेर’ हे क्रियापद येतं. वर्तमानकाळात त्याची सहा रूपं होतात : तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस, तेनेइस, तिएनेन. शिकणारा ती घडाघडा म्हणतो. पण ‘आज आम्हाला क्लास आहे’ हे सांगायची वेळ आली की अडतो, मनात ‘तेंगो’पासून मोजत चौथ्या रूपावर पोचतो आणि तोवर समोरचा पुढे गेलेला असतो.

याचं कारण असं की त्याने पाठ केला तो क्रम. तक्त्यात प्रत्येक रूपाची खूण म्हणजे आधीचं रूप. बोलताना मात्र खूण असते ती सांगायची गोष्ट. शिवाय एका वेळी मनात साधारण चारच नव्या गोष्टी नीट धरता येतात. इथे तर सहा आहेत आणि त्याही एकमेकींसारख्या, त्यामुळे ‘तिएनेमोस’सारखं भेसळीचं रूप तोंडून निघतं. मराठी माणसाची आणखी एक अडचण : ‘मला दोन बहिणी आहेत’ यात आपलं क्रियापद बहिणींप्रमाणे बदलतं, स्पॅनिशमध्ये ते ‘मी’प्रमाणे बदलतं. तक्ता हे दाखवतच नाही.

म्हणून पहिल्या दिवशी तीनच रूपं घ्यावीत आणि प्रत्येकाचं तीन ते पाच शब्दांचं, स्वतःबद्दलचं खरं वाक्य करावं. ‘तेंगो दोस एर्मानास’, मला दोन बहिणी आहेत. ‘मी एर्माना तिएने उन गातो’, माझ्या बहिणीकडे मांजर आहे. ‘तेनेमोस क्लासे ओय’, आज आम्हाला क्लास आहे. वाक्य खरं असण्याला महत्त्व आहे. रॉजर्स, कायपर आणि कर्कर यांच्या 1977 च्या प्रयोगात, जी विशेषणं लोकांनी ‘हे मला लागू पडतं का?’ असं तपासली, ती त्यांना जास्त आठवली. तो प्रयोग क्रियापदांवरचा नव्हता, पण स्वतःशी जोडलेलं टिकतं हे त्यातून स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या दिवशी वही मिटून फक्त मराठी वाक्यं बघावीत आणि स्पॅनिश लिहावं. नुसतं पुन्हा वाचून भागत नाही. मग ‘तिएनेस तिएम्पो?’, ‘नो, नो तेंगो तिएम्पो’ (वेळ आहे का? नाही, मला वेळ नाही) अशी प्रश्नोत्तरं घ्यावीत. त्यात ‘तू’चं रूप ऐकून ‘मी’चं द्यावं लागतं, आणि संभाषणात नेमकं हेच करायचं असतं.

या पद्धतीत एक धोका आहे. वाक्य अख्खं गोठून बसतं : ‘तेंगो’ म्हटलं की बहिणीच आठवतात. तपासायचं असेल तर बहिणी तशाच ठेवून कर्ता बदलावा, ‘त्याला दोन बहिणी आहेत’. इथेही ‘तेंगो’च आलं, तर रूप अजून सुटं झालेलं नाही. अशा वेळी नवं रूप न घेता कर्तेच बदलत राहावेत.

पाच-सहा रूपं अशी हाताशी आली की मग तक्ता उघडावा. शेजारी ‘येणे’ या अर्थाचं ‘वेनीर’ ठेवावं : वेंगो, विएनेस, विएने, वेनिमोस. ‘मी’च्या रूपात ‘ग’ येतो, एरवी धातूवर आघात असेल तिथे ‘ए’चा ‘इए’ होतो. ‘तेनेमोस’, ‘वेनिमोस’मध्ये आघात पुढे सरकतो, म्हणून तिथे ‘ए’ तसाच राहतो.