पाऊस, उतारा आणि वाकडी रेषा: कर्नल रिग्रेशन व स्मूदिंग स्प्लाइन कुठून आले?

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याचा जून ते सप्टेंबरचा पाऊस आडव्या अक्षावर आणि सोयाबीनचा उतारा उभ्या अक्षावर मांडला, तर सरळ रेषा येत नाही हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. पाऊस कमी असताना प्रत्येक सरीबरोबर उतारा वाढतो, पुढे वाढ मंदावते आणि अतिवृष्टीत भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की उतारा खाली येतो. प्रश्न एवढाच, की ही वाकडी रेषा काढायची कशी?

पहिलं उत्तर, म्हणजे बहुपदी बसवणं, दोनशे वर्षं जुनं आहे. लेजांद्र यांनी 1805 मध्ये लघुतम वर्गांची पद्धत छापली आणि दहाच वर्षांत, 1815 मध्ये, जेर्गोन यांनी बहुपदी बसवण्यासाठी निरीक्षणं कुठे घ्यावीत यावर लिहिलं. विसाव्या शतकात शेतीसंशोधनाने बहुपदी उचलून धरली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेतीसंशोधन केंद्राच्या गव्हाच्या उत्पादनावर पावसाचा परिणाम शोधताना फिशर यांनी 1920 च्या दशकात बहुपदीच वापरल्या. हाताने आकडेमोड करायच्या काळात तीन-चार सहगुणक काढले की काम भागत होतं, आणि माझ्या मते बहुपदी टिकल्या त्या मुख्यतः या सोयीमुळे.

अडचण अशी, की द्विघाती वक्राचे तीनही सहगुणक सगळ्या निरीक्षणांतून एकत्र ठरतात. म्हणजे 1100 मिमी पावसाचं एखादं वर्ष 350 मिमीच्या वर्षाचा अंदाज हलवू शकतं. शिवाय द्विघाती वक्र शिखराच्या दोन्ही बाजूंना सारखाच उतरतो. दुष्काळातली घट आणि पाणी साचल्यामुळे होणारी घट सारखीच का असावी? पिकाला हा नियम कुणी सांगितलेला नाही. मग घात वाढवला तर वक्र टोकांशी हेलकावे खायला लागतो. समान अंतरावरच्या बिंदूंतून उच्च घाताची बहुपदी नेली की काय होतं, हे रुंगे यांनी 1901 मध्येच दाखवलं होतं.

1964 साली या अडचणीवर दोन वेगळ्या दिशांनी उत्तरं आली. पहिलं उत्तर दोघांनी स्वतंत्रपणे दिलं: जॉर्जियातले एलिझबार नादाराया, आणि डर्बिन–वॉटसन चाचणीतले जेफ्री वॉटसन. वॉटसन यांचा लेख महालनोबिस यांनी सुरू केलेल्या ‘संख्या’ या भारतीय नियतकालिकात आला, ही गोष्ट आपल्याकडच्या वर्गांत क्वचितच सांगितली जाते.

कल्पना सोपी आहे. ज्या पावसासाठी अंदाज हवा, त्याच्या आसपासच्या वर्षांचीच सरासरी घ्यायची आणि जवळच्या वर्षांना जास्त वजन द्यायचं. हे वजन ठरवणाऱ्या सूत्राला कर्नल म्हणतात. समजावण्यापुरते काही काल्पनिक आकडे घेऊ. 500 मिमीला अंदाज हवा आहे आणि खिडकीची अर्धी रुंदी, म्हणजे बँडविड्थ, 100 मिमी आहे. खिडकीत तीन वर्षं येतात: 420 मिमीला हेक्टरी 9 क्विंटल, 470 ला 11 आणि 560 ला 14. अंतर भागिले बँडविड्थ, त्याचा वर्ग एकातून वजा, हे एपानेचनिकोव यांच्या नावाने ओळखलं जाणारं वजन वापरलं तर वजनं 0.36, 0.91 आणि 0.64 येतात. गुणाकारांची बेरीज 22.21, वजनांची बेरीज 1.91, म्हणून अंदाज 11.6 क्विंटल. 1100 मिमीच्या वर्षाचा इथे काही संबंधच उरत नाही.

पण हीच पद्धत नेमकी दुष्काळी टोकाला फसते. समजा सर्वांत कोरडं वर्ष 350 मिमीचं, उतारा 5 क्विंटल. पुढची दोन 380 मिमीला 6.5 आणि 420 मिमीला 9. 350 पाशी उभं राहिलं तर सगळे शेजारी उजवीकडेच, म्हणजे जास्त पावसाचे. वजनी सरासरी 6.4 येते. दुष्काळ आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो, आणि आपल्याला तर तेच टोक हवं असतं. ही चूक ओळखायची खूण म्हणजे वक्र टोकाला येताच उगाच सपाट होतो. उपाय असा, की खिडकीत सरासरी घेण्याऐवजी त्याच वजनांनी छोटी सरळ रेषा बसवायची. वरच्या तीन वर्षांवर ती 350 ला 4.9 देते. क्लीव्हलंड यांनी 1979 मध्ये अशा स्थानिक रेषांवर आधारलेली लोएस पद्धत मांडली, आणि टोकांशी त्या का सरस ठरतात याचं गणित 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जियानचिंग फॅन यांनी पक्कं केलं.

दुसरं उत्तर विमा गणितातून आलं. मृत्युदरांच्या तक्त्यांतली खडबड घालवताना व्हिटेकर यांनी 1923 मध्ये दोन गोष्टी एकाच तराजूत घातल्या होत्या: आकड्यांशी इमान आणि वक्राचा गुळगुळीतपणा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफगोळ्यांच्या तक्त्यांवर काम करताना शोनबर्ग यांनी स्प्लाइनचं, म्हणजे बहुपदींचे तुकडे गुळगुळीत जोडून केलेल्या वक्राचं, गणित उभारलं, ते 1946 मध्ये छापलं, आणि 1964 मध्ये व्हिटेकर यांची कल्पना त्याला जोडली. राइन्श यांनी 1967 मध्ये ते संगणकावर चालवण्याची रीत दिली. कमी करायची राशी ही:

```
Σ (yᵢ − f(xᵢ))² + λ ∫ f″(x)² dx
```

पहिला भाग म्हणजे अंदाजातल्या चुकांचा दंड, दुसरा वक्राच्या वाकण्याचा, आणि λ म्हणजे या दुसऱ्या दंडाला दिलेलं वजन. λ शून्याकडे नेला तर वक्र प्रत्येक बिंदूतून जातो, प्रचंड वाढवला तर उरते लघुतम वर्गांची सरळ रेषा. मधल्या कुठल्याही λ साठी उत्तर एकच प्रकारचं असतं: प्रत्येक निरीक्षणापाशी जोडलेले त्रिघाती तुकडे, आणि दोन्ही टोकांच्या पलीकडे सरळ रेषा. गाठी, म्हणजे तुकड्यांचे सांधे, कुठे ठेवायच्या हा प्रश्नच उरत नाही.

या दोन वाटा एकच आहेत हे कळायला वीस वर्षं लागली. 1984 मध्ये सिल्व्हरमन यांनी दाखवलं, की स्मूदिंग स्प्लाइन हीसुद्धा टोकांपासून दूर जवळपास एक कर्नल सरासरीच असते. फक्त तिची खिडकी जागोजागी बदलते. तिची रुंदी निरीक्षणांच्या दाटीच्या चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे जिथे वर्षं सोळापट विरळ, तिथे खिडकी दुप्पट. 600 ते 800 मिमीच्या गर्दीत ती अरुंद राहते आणि 1000 मिमीच्या पुढे आपोआप पसरते. एकच बँडविड्थ सगळीकडे लावणाऱ्याला तिथे खिडकीत एखादंच वर्ष सापडतं आणि वक्र त्या वर्षाच्या मागे धावतो.

λ किंवा बँडविड्थ किती, हे आता बहुधा क्रेव्हन आणि वाहबा यांच्या 1979 च्या जीसीव्ही निकषाने ठरतं. एकेक निरीक्षण वगळून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज घेतला तर तो किती चुकेल, हे तो ढोबळमानाने मोजतो. R मधलं `smooth.spline` न सांगता तेच वापरतं. पण हा निकष चुका परस्परांपासून स्वतंत्र मानतो. जालना, बीड, परभणीचे अनेक तालुके एकत्र मांडले, तर ते एकाच वर्षी एकाच पावसाच्या खंडात सापडतात, कीडही एकदमच येते. मग एक तालुका वगळून त्याचा अंदाज घेतला तर शेजारचा तालुका उत्तर फोडून देतो, निकष फार छोटा λ निवडतो आणि वक्रावर चार-पाच टेंगळं उठतात, ज्यांना शेतीत काही अर्थ नसतो. अशा वेळी तालुका नव्हे, पूर्ण वर्ष वगळून तपासायचं. निवडलेला λ त्यानंतर बराच वाढला, तर आधीची टेंगळं पावसाची नव्हती, त्या त्या वर्षांची होती.